होस्टेलची पहिली रात्र: तुमची कशी गेली?

सांगोलेकर: मुलगा येत्या सोमवारी होस्टेलला चाललाय, म्हणून विचारतोय. आधी माझी सांगतो. 1996, अकरावी, सोलापूर. वडिलांना साडेपाचच्या एसटीत बसवलं, हसून हात केला. आठ वाजता बूथवरून गल्लीतल्या दुकानात फोन लावला. आईला बोलावून आणेपर्यंत मीटरचे लाल आकडे पळत होते.

"जेवलास का?"
"हो, पोटभर."
"पोरं चांगली हायत?"
"लई चांगली."

एवढं बोलताना आवाज फाटायला लागला. "पैसे पडत्यात, ठेवतो" म्हणून ठेवला. जेवलो नव्हतो. कॉटखाली आईनं फडक्यात बांधलेला डबा होता. तिनं मारलेली गाठ सोडवेना. रात्रभर चादरीत तोंड खुपसून पडलो.

अक्कलकोटची: आमच्या घरी कन्नड. रूममध्ये तिघी मराठी, म्हणून आईशी कन्नडमधून बोलताना मोकळं रडले. कुणाला काय कळणार! शेजारच्या कॉटवरचीनं उठून फक्त लाईट घालवला. तिची आजी कन्नड बोलायची, हे मला महिन्याभरानं कळलं.

पंढरपूरचे काका: पहिले आठ दिवस फोनच करू नये. आवाज ऐकला की पोर परत ढासळतं.

माजी रेक्टर: काका, निम्मं पटतं. सारखा फोन वाजत राहिला तर पोर रूममधून बाहेरच पडत नाही. पण अजिबात नाही म्हटलं की ते घरच्यांनाच काहीतरी झालंय का, याची काळजी करत बसतं. ठरलेल्या वेळी एक फोन असावा, तोही जेवणाच्या आधी. झोपायच्या तोंडावर झाला की रात्र जाते.

उघड रडणाऱ्याची मला फारशी काळजी नसायची. दोन घास खाऊन "झालं सर" म्हणणारा, बाथरूमचा नळ सोडून बराच वेळ आत राहणारा, न विचारता "मी मजेत" सांगणारा, यांच्यावर नजर ठेवायचो. "घरची आठवण येते का" विचारलं की असा मुलगा नाहीच म्हणतो. सोलापुरात पाणी रोज येत नाही. त्याला पिंपं भरायला इतर पोरांबरोबर लावायचो. बादल्या हातोहात देताना नावं कळतात. बहुतेक पोरं दोन-तीन आठवड्यांत रुळतात. त्यानंतरही झोप-जेवण नीट नसेल तर मी घरच्यांना बोलावून घ्यायचो.

पंढरपूरचे काका: माझा पोरगा फोनमुळंच परत आला. माझं मत तेच.

बार्शीची आई: मी होस्टेलला कधी राहिले नाही, लेक राहिली. पहिल्या रात्री "सगळं मस्त आहे गं" म्हणाली आणि मी खरं मानलं. आज तिला विचारणार आहे.

अक्कलकोटची: सांगोलेकर, डब्याचं काय झालं?

सांगोलेकर: तिसऱ्या दिवशी रूममेटनं गाठ सोडली. आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी तशी टिकतेच. त्यानं मेसमधून आमटी आणली, भाकरी चुरली आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. फडकं मात्र मी त्याच्याकडून मागून घेतलं.