अप्रेझलसाठी वर्षभर कामाची वही ठेवायची का?

निपाणीकर: उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. मार्चअखेर अप्रेझल. एक सिनिअर म्हणतात, केलेलं काम वर्षभर लिहून ठेव. मला ती स्वतःचीच आरती वाटते. खरंच उपयोग होतो का?

मच्छेचा वाघ: काही होत नाही. ज्या साहेबाला वर्षभर डोळ्यांनी दिसलं नाही, त्याला वहीत काय दिसणार? वही घेऊन फिरणाऱ्यांना आमच्यात चमचा म्हणतात.

जुना मोल्डर: दिसतं वो, पण फेब्रुवारी-मार्चमधलं दिसतं. पावसाळ्यात केलेलं मार्चमध्ये करणाऱ्यालाही धड आठवत नाही, तिथं साहेबाचं काय घेऊन बसलात? पण वही कशी लिहिली ते बघा. आमच्याकडच्या एका पोराचं सांगतो. पावसाळ्यात हवा दमट, वाळूत ओलावा वाढतो आणि ब्लोहोल येतात, हे तुम्हाला सांगायला नको. जुलैत त्यानं दर दोन तासांनी वाळूचा ओलावा तपासायचा तक्ता सुरू केला. वहीत लिहिलं, ‘रिजेक्शन 7 टक्क्यांवरून 4 वर, जुलै ते डिसेंबर.’ साहेबानं एकच विचारलं, ‘डिसेंबरात पाऊस असतो काय रे?’ पोरगं गप्प.

मग बसून नीट काढलं. त्याच पार्टचे गेल्या ऑगस्टला 1,100 पैकी 77 रिजेक्ट, म्हणजे 7 टक्के. यंदाच्या ऑगस्टला 1,150 पैकी 46, म्हणजे 4. शेजारच्या लाइनवर तक्ता नव्हता, तिथं दोन्ही ऑगस्टला आकडा जवळपास तोच. आता बोला! पाऊस तोच, पार्ट तोच, फरक तक्त्याचा. किती ओतले ते न लिहिता नुसते टक्के लिहिले, तर कुणीही उडवून लावतं.

अजून एक. त्यानं वाचलेले तीसेक नग विक्रीच्या भावानं मोजून ‘एवढी बचत’ म्हणून लिहिलं होतं. रिजेक्ट माल भट्टीत परत जातो की. धातू बहुतेक परत मिळतो, वाया जाते ती वीज, मोल्डिंगची मजुरी आणि मशीनिंगनंतर दोष सापडला असेल तर तो खर्च. अकाउंट्सवाला एवढं लगेच पकडतो, आणि एक आकडा फुगवलेला निघाला की बाकीच्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मच्छेचा वाघ: आणि वाळूतलं पाणी कमी केलं कुणी? मोल्डिंगवाल्यांनी. नाव मात्र क्वालिटीवाल्याचं!

जुना मोल्डर: हे बरोबर बोललात. म्हणून ‘तक्ता मी केला, पाणी मोल्डिंगच्या सुपरवायझरनी सांभाळलं’ असं सरळ लिहायचं. साहेबानं त्यांना विचारलं तरी उत्तर तेच यायला पाहिजे.

चिकोडीची पोर: एवढा व्याप कशाला? मी सगळे रिपोर्ट आणि कस्टमरचे मेल घरच्या मेलवर फॉरवर्ड करते. मार्चमध्ये शोधलं की झालं.

हिशेबी ताई: मी एचआरला आहे. मेलमध्ये तारीख सापडते हे खरं, पण फॉरवर्ड करू नका. कस्टमरची ड्रॉइंग बाहेर गेली तर बढती राहू द्या, खुलासा द्यावा लागेल. घरच्या वहीत तारीख, काम आणि रिपोर्टचा नंबर पुरतो. मूळ कागद कंपनीतच राहू दे.

खानापूरचे गुरुजी: आम्हा सरकारी नोकरांना गोपनीय अहवाल असतो. 2008 मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. तुम्हीही तुमची नोंद लेखी मागा.

हिशेबी ताई: गुरुजी, ते सरकारी सेवेचं झालं, खासगी कारखान्याला लागू होत नाही. निपाणीकर, तुमच्यासाठी वेळ महत्त्वाची. बऱ्याच ठिकाणी विभागप्रमुख एकत्र बसून ग्रेड ठरवतात आणि मग तुमची मीटिंग होते. त्या दिवशी वही काढली तर ग्रेड आधीच ठरून वरच्यांकडे गेलेला असतो. ते कधी बसतात हे विचारा आणि त्याच्या दोन-तीन आठवडे आधी साहेबांना एका पानाचं टिपण द्या. तीन कामं पुरेत. तिथं तुमच्या वतीनं त्यांना दोन मिनिटंच बोलायचं असतं, अख्खी वही कोण वाचणार?

मच्छेचा वाघ: म्हणजे वरच्या ग्रेडचा कोटा ठरलेलाच! पाचांत एकाला मिळणार असेल तर उरलेल्या चौघांनी वह्या कशाला लिहायच्या?

हिशेबी ताई: कोटा असतो, नाही म्हणत नाही. तो एक कोण यावर वाद होतो तेव्हा कागद कामाला येतो. ठरवून ठेवलेलं असेल तर नाही येत.

निपाणीकर: मागच्या ऑगस्टचं रजिस्टर स्टोअरमध्ये आहे, उद्या काढतो. पण आमच्याकडे मधेच पार्टचं डिझाइन बदललंय. मग तुलना कशाशी करायची?

जुना मोल्डर: बदल कुठं झालाय, कोअरमध्ये की गेटिंगमध्ये? त्यावर आहे.