मेसचं पाणचट दही, पातळ दूध: कॅटररला हे पत्र देऊ का?

निखिल
नागपूरला हॉस्टेलच्या मेस कमिटीत आहे. उद्या कॅटररला हे पत्र द्यायचंय, बघून सांगा ना कसं वाटतं.

"काका, करारात रोज सकाळी प्रत्येकी 200 मिली टोन्ड दूध आणि जेवणात वाटीभर दही ठरलंय. तीन आठवडे झाले दूध पातळ येतंय आणि दही वाटीत पाणी सोडतंय. मंगळवारी आम्ही रिकाम्या पिशव्या मोजल्या. अर्ध्या लिटरच्या 52, म्हणजे 26 लिटर. आम्ही 180 पोरं, 36 लिटर पाहिजे. वरचं 10 लिटर पाणी आहे. थांबवा, नाहीतर या महिन्याचं बिल अडवू."

तेजस
दे बिनधास्त. आमच्या हॉस्टेलमध्ये हेच झालं होतं, मी बर्डीवरून लॅक्टोमीटर आणला आणि सकाळी सरळ पातेल्यातल्या दुधात सोडला, 20 आलं. चांगलं दूध 28 च्या आसपास पाहिजे ना. तिथल्या तिथे दाखवलं, दुसऱ्या दिवशीपासून दूध घट्ट झालं. पिशव्या मोजल्या हे तर लय भारी केलं तुम्ही.

राजाभाऊ
पोरांनो जरा थांबा. माझ्या घरी वीस वर्षं मेस आहे म्हणून बोलतोय, त्या काकांची बाजू घ्यायला नाही. 180 पैकी सकाळी उठून दूध प्यायला येतात किती? आमच्याकडे परीक्षा नसली तर शंभरही येत नाहीत. 130 आले असतील तर 26 लिटरमध्ये प्रत्येकाला बरोबर 200 मिली होतं, पाणी एक थेंब न घालता. आणि दह्यावर पाणी आलं म्हणजे चोरी असं नाही हो. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात रात्री दही लावलं तर पहाटेपर्यंत आंबट होऊन वर पाणी सुटणारच, घरी नाही सुटत का? त्या माणसाला चोर म्हणायच्या आधी हे बघा. बिल अडवलं की तो उद्या डाळीत काटकसर करेल, भरपाई पोरंच करतील.

श्वेता
आमच्या गर्ल्स हॉस्टेलला तर दही इतकं आंबट असतं की साखर टाकूनही खाल्लं जात नाही, त्यावर पण पत्र लिहायचं का? कमिटी म्हणते पिशवीचं दही आणा, पण ते दुपारपर्यंत बाहेरच ठेवून देतात, मग काय फायदा.

मिलिंद, पुसदकर
श्वेताताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, ते साठवणुकीचं. दही जमलं की फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, बाहेर राहिलं तर विरजण काम करतच राहतं.

निखिल, मी पुसदजवळ वरुडच्या कॉलेजात डेअरी टेक्नॉलॉजी शिकलो, आता संकलन केंद्रावर आहे. तुझ्या पत्रात दोन तक्रारी एकात मिसळल्यात आणि काका त्यातूनच सुटतील. दूध कमी देणं वेगळं, दुधात पाणी घालणं वेगळं. पिशव्या मोजून फक्त आत किती दूध आलं ते कळतं. त्या दिवशी किती जणांनी घेतलं आणि ग्लासात किती पडलं हे माहीत नसेल तर पाण्याचा पत्ता लागत नाही. तेवढं आधी बघ.

तेजसभाऊ, तुमचं 20 मी धरणार नाही. गरम दूध पातळ असतं, त्यात लॅक्टोमीटर जास्त बुडतो, म्हणून आकडा खाली येतो. गरम पातेल्यात तर शुद्ध दुधालाही कमी दाखवेल. तुमचं दूध खरंच पाणी घातलेलं असेलही, पण त्या मापानं ते सिद्ध होत नव्हतं.

सोपा उपाय सांगतो, तापमानाप्रमाणे आकडा दुरुस्त करायचं टेबल-बिबल काही लागत नाही. त्याच ब्रँडची टोन्ड दुधाची एक पिशवी दुकानातून आण आणि कमिटीनं स्वतः उकळून घे. मेसच्या पातेल्यातून तेवढंच दूध घे. दोन्ही झाकून एकाच परातीत, साध्या पाण्यात, पार गार होऊ दे, साय आणि फेस बाजूला कर, मग एकच लॅक्टोमीटर दोन्हीत लाव. दोन्ही सारखीच उकळलेली, सारखीच गार, म्हणजे उरलेला फरक दुधाचाच. समज पिशवी 28 आणि मेस 20 आलं, तर 28 मधले 20, म्हणजे दर चार भागांत एक भागाहून जास्त पाणी. एक मात्र लक्षात ठेव, साय काढून घेतली तर आकडा वर जातो आणि घातलेलं पाणी लपतं. म्हणून आकडा ठीक आला तरी निर्दोष असं समजू नको.

दह्याचं राजाभाऊंनी अर्धं बरोबर सांगितलं. हिरवट-पिवळसर निवळ पाणी सुटलं तर ते दह्याचंच पाणी आहे, उन्हाळ्यात येतं, पळी मारली की जास्तच येतं. पण दही आधीच फेटून, एकजीव पांढरं करून आणतात का ते बघा. फेटलेल्या दह्यात पाणी घातलं तर डोळ्याला कळत नाही. न मोडलेलं पातेलं पोरांसमोर उघडा, चमच्यानं एक काप काढा. चांगल्या दुधाचं असेल तर कापाच्या बाजू उभ्या राहतात, पातळ दुधाचं असेल तर लगेच कोसळतात.

निखिल
मिलिंददादा, रजिस्टर काढलं. मंगळवारी नाश्त्याला 171 सह्या आहेत, म्हणजे राजाभाऊंचं 130 वालं इथं लागू नाही. पण ग्लास मोजला तर वाढपी रेघेपर्यंतच भरतो आणि ते 150 मिली निघालं. 171 ला 150 म्हणजे पावणेसव्वीस लिटर. पिशव्या 26. बाप रे, म्हणजे पाणी न घालताही हिशोब बसतो!

तेजस
मग काय, सोडून द्यायचं? 50 मिली रोजचं खाल्लं ना त्यानं.

मिलिंद, पुसदकर
सोडायचं कशाला, तेच लिहायचं. 200 च्या जागी 150 हे मापानं दाखवता येतं, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही. पाण्याचं ताडून मगच लिही.

निखिल
आज सकाळी केलं, दोन्ही दूध गार करून. दुकानाची पिशवी 28, मेसचं 26. आता काय म्हणायचं याला?

राजाभाऊ
अरे ते पिशव्या खळखळून धुतलेलं पाणी. प्रत्येक मेसमध्ये रिकाम्या पिशवीत घोटभर पाणी टाकून तेच पातेल्यात ओततात, आत चिकटलेलं दूध वाया जाऊ नये म्हणून. यात कपट नाही, माझी आई पण तसंच करते.

मिलिंद, पुसदकर
धरू या की 52 पिशव्यांत प्रत्येकी 20 मिली पाणी, ते लिटरभर होतं. 26 विरुद्ध 28 म्हणजे साधारण दोन लिटर पाणी. अर्ध्याचा हिशोब लागला, उरलेल्या लिटरचं सांगता येत नाही. लॅक्टोमीटरवर एका रेघेची चूकही होऊ शकते, म्हणून तीन दिवस सलग कर, वाचणारा माणूस एकच ठेव.

तेजस
मला नाही पटत. पिशव्या धुतलेलं पाणी पण पाणीच ना, पैसे दुधाचे घेतो तो. करारात "पिशव्या धुणार नाही" असंच लिहून घ्या.

राजाभाऊ
ते लिहा, चालेल. पण "पाणी घालता" लिहू नका, अजून तरी नाही.

निखिल
बदलून लिहिलं, उद्या नेऊन देतो, बघा:

"काका, मंगळवारी नाश्त्याला 171 जण होते. ग्लास मोजला तेव्हा 150 मिली निघाला, करारात 200 आहे. सोमवारपासून 200 ची रेघ असलेला ग्लास वापरावा. पिशव्या सकाळी साडेसहाला कमिटीच्या एका पोरासमोर फोडाव्यात, धुतलेलं पाणी दुधात ओतू नये. दही न फेटता, न मोडता मेसमध्ये आणावं, वाढपी आमच्यासमोर काढेल. पातळपणाची तपासणी आम्ही आजपासून तीन दिवस करतोय, आकडे तुम्हाला दाखवू."

बिल अडवायची ओळ काढून टाकली. आमच्यातले दोघं म्हणतात ती ठेवायला पाहिजे होती. बुधवारी आकडे टाकतो.

श्वेता
निखिल, ते न फेटलेलं दही वालं आम्ही पण मागतोय उद्या. आमच्याकडे रोज फेटूनच येतं, हे आत्ता लक्षात आलं.