मदत हवी आहे: लग्नाच्या फोटोंचे प्रीसेट आणि रिटचिंग विकताना दर कसा लावायचा, आधी-नंतरचे नमुने कसे दाखवायचे?

हिरवाचुडा
लाइटरूमचे १२ प्रीसेट केले आहेत, सगळे मराठी लग्नांसाठी. हळद, मंडप, रिसेप्शन असे तीन गट. संच ₹६९९ ला ठेवलाय. शिवाय अल्बमच्या फोटोंचं रिटचिंग ₹४० प्रति फोटो. गिऱ्हाईक फोटोग्राफरच आहेत, नवरा-नवरी नाहीत.

दोन अडचणी आहेत. घेतलेल्यांपैकी तिघांनी कळवलं, "नमुन्यात दिसतं तसं आमच्या फोटोवर येत नाही." आणि रिटचिंगमध्ये दिवस जातो, हातात काही उरत नाही. ६० फोटोंचे ₹२४०० मिळतात, एका फोटोला साधारण ८ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला ₹३०० पडायला हवेत. तेवढे पडत नाहीत. चुकतंय कुठे?

फ्रेम_सांगली
दर कमी करा. ₹१९९ ठेवा आणि जास्त विका. .xmp ही साधी मजकुराची फाइल आहे, एकाने घेतली की पाच जणांकडे जाते, ती अडवता येत नाही. आणि "आधी"चा फोटो जरा फिका, अंडर ठेवा, म्हणजे फरक उठून दिसतो. सगळे तसंच करतात.

उजेड
फाइल अडवता येत नाही हे खरं. पण फिका "आधी" हेच तक्रारीचं मूळ आहे. घेणारा स्वतःच्या नीट एक्सपोज केलेल्या फोटोवर प्रीसेट टाकतो, तिथे तो जास्त भडकतो, आणि त्याला वाटतं आपल्याला दुसरंच काही दिलं.

हिरवाचुडा, आधी प्रीसेट तपासा. सेव्ह करताना White Balance आणि Exposure वरच्या खुणा काढल्या होत्या का? त्या राहिल्या तर तुमच्या एका मंडपाचा उजेड दुसऱ्याच्या हॉलवर जाऊन बसतो. दुसरं, प्रोफाइल Camera Matching गटातलं असेल तर ते कॅनन, निकॉन, सोनीवर वेगवेगळं वागतं. Adobe Color ठेवून प्रीसेट पुन्हा बांधा. तिसरं, Support Amount Slider वर खूण करा, म्हणजे घेणाऱ्याला प्रीसेट ६०-७० टक्क्यांवर आणता येतो.

हिरवाचुडा
White Balance काढलं होतं, Exposure राहिलं होतं! +०.४५. प्रोफाइल Camera Standard आहे.

उजेड
मग तिघांच्या तक्रारी बहुतेक तिथल्याच. त्यांनी जेपेगवर टाकला होता का तेही विचारा. जेपेगला Adobe Color लागत नाही आणि सावल्यांत रॉसारखा वाव नसतो, रंग लवकर फाटतात. विक्रीच्या पानावर "फक्त रॉ फाइलसाठी" असं ठळक लिहा.

आता रंग. हे नमुन्यातून सहसा लपतं. हल्लीचे तपकिरी प्रीसेट हिरव्याचा Hue पिवळ्याकडे ढकलतात आणि पिवळ्याचं Saturation उणे ३०-४० करतात. झाडं छान मऊ दिसतात. पण नवरीच्या हातातला हिरवा चुडा शेवाळी होतो आणि गालावरची हळद वाळलेल्या चिखलासारखी. हळदीच्या गटात पिवळ्याचं Saturation उणे १० च्या खाली नेऊ नका. त्वचा उजळायची असेल तर नारिंगीचं Luminance +८ ते +१२ पुरतं. आणि नमुन्यात चुडा जवळून दिसणारा एक फोटो ठेवाच. लग्नं काढणारा फोटोग्राफर सगळ्यात आधी तोच बघेल.

मोबाइलवाला_ठाणे
मला हा संच घ्यायचाय, पण लाइटरूम फोनवरच वापरतो. चालेल का? मागे कुणाकडून घेतला होता त्यात आकाश बदललंच नाही.

उजेड
दादा, त्या प्रीसेटमध्ये आकाशाचा मास्क असणार. फोनवर मास्क पैसे भरलेल्या आवृत्तीतच चालतात. विकणाऱ्याने मास्क असलेले आणि नसलेले प्रीसेट वेगळ्या फोल्डरमध्ये द्यायला हवेत. हिरवाचुडा, हे तुमच्यासाठीही.

हिरवाचुडा
देते तसं. नमुने नेमके कसे करू? मी \ दाबून "आधी" बघते आणि स्क्रीनशॉट काढते.

उजेड
स्क्रीनशॉट नको. Ctrl+' ने व्हर्च्युअल कॉपी काढा, ती रिसेट करा आणि तिला पक्क्या फोटोचंच क्रॉप आणि White Balance द्या. प्रत्येक फोटोचे तीन तुकडे दाखवा: मूळ, फक्त प्रीसेट टाकलेला, मग हाताने काम केलेला पक्का. मधला तुकडा म्हणजे ₹६९९ चं काम, तिसरा म्हणजे रिटचिंगचं. आत्ता दोन्ही एकत्र दाखवताय म्हणून प्रीसेट घेणारा तिसऱ्याची अपेक्षा ठेवतो. एक्सपोर्ट sRGB मध्ये, लांब बाजू २०४८ पिक्सेल. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर त्वचेचा पोत तिथेच पुसला जातो.

रिटचिंगसाठी पूर्ण फोटोशेजारी गालाचा १०० टक्क्यांवरचा तुकडा लावा. रोमछिद्रं दिसली पाहिजेत. नथीची ओठावर पडणारी सावली राहिली पाहिजे. ती डाग समजून पुसली की नथ हवेत तरंगते. ही चूक जाणकार लगेच पकडतो.

पानसुपारी_अल्बम
दराचं मी सांगते, अल्बम डिझाइनकडून हेच काम येतं. तुमची ८ मिनिटं गुणिले ६० म्हणजे ८ तास, बरोबर. पण १५ फोटो दुरुस्तीला परत आले, प्रत्येकी ६ मिनिटं, की दीड तास. डाउनलोड, नावं लावणं, अपलोड, फोन हा एक तास. झाले साडेदहा. ₹२४०० भागिले १०.५ म्हणजे तासाला ₹२२८. ₹३०० हवे असतील तर ₹३१५० लागतात, म्हणजे फोटोला साडेबावन्न. ₹५५ लावा.

आणि ८ मिनिटं ही सरासरी फसवी आहे. एकट्या नवरीचा फोटो ६ मिनिटांत होतो, नऊ जणांच्या ग्रुपला २५ लागतात. दोन चेहऱ्यांपर्यंत ₹५५, पुढच्या प्रत्येक चेहऱ्याला ₹१५ असं लिहून द्या. दुरुस्तीची एक फेरी दरात धरलेली, तीही सगळ्या सूचना एका यादीत आल्या तर. दुसऱ्या फेरीचे पैसे वेगळे.

फ्रेम_सांगली
चेहरे मोजायला लागलात तर फोटोग्राफर पळून जाईल. आमच्याकडे अख्ख्या लग्नाचा एकच आकडा विचारतात.

पानसुपारी_अल्बम
एकच आकडा सांगा की, पण आतला हिशोब चेहऱ्यांवर करा. आधी फोटो बघा, मग आकडा सांगा.

फ्रेम_सांगली
फोटो बघायच्या आतच भाव विचारतात, ही खरी अडचण.

उजेड
एक राहिलं. नमुने कुणाच्या परवानगीने दाखवताय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. फोटोग्राफरने "टाका" म्हटलं तेवढ्याने भागत नाही. त्याच्या करारात हक्क त्याच्याकडे आहेत का बघा, नसतील तर त्या घरची लेखी परवानगी घ्या. रिटचिंगच्या नमुन्यात तर जास्तच, कारण "आधी"त कुणाच्या तरी चेहऱ्यावरचे मुरुम तुम्ही लोकांना दाखवताय.

हिरवाचुडा
हे डोक्यातच आलं नव्हतं. सातपैकी पाच नमुने दुसऱ्यांच्या लग्नातले आहेत, आज काढून टाकते. Exposure काढून आणि Adobe Color लावून बाराही प्रीसेट पुन्हा बांधले. सोनीच्या फाइलवर मंडपाचा गट आता जुळतो. हळदीतला एक अजून केशरीकडे जातोय, पिवळ्याचा Hue शून्यावर असूनही. Calibration मध्ये Red Primary +१५ आहे, त्याने होत असेल का?

उजेड
होऊ शकतं. Calibration एकाच रंगावर थांबत नाही, सगळ्या चित्राला हात लावतं. ते शून्य करून तीच फाइल पुन्हा बघा आणि दोन्ही तुकडे इथे टाका. पण चेहरा कुणाचा आहे ते बघून.