शब्दचर्चा: 'उदासीन बिंदू' की 'शून्य बिंदू'?

रेवा: बारावीच्या मुलांसाठी भौतिकशास्त्राच्या टिपा मराठीत लिहिते आहे. ४ आणि १ मायक्रोकूलॉमचे दोन धन प्रभार ३० सेंमी अंतरावर ठेवलेत. विद्युत क्षेत्र कुठे नाहीसं होतं ते शोधायचं आहे. मी 'उदासीन बिंदू' लिहिलं, तर एका मुलीने विचारलं, "तिथे उदासीन प्रभार ठेवलेला असतो का?" तिथे प्रभारच नाही! 'तटस्थ', 'शून्य', 'समतोल' यांतला कोणता शब्द घेऊ?

तारजोड: आम्ही वायरिंगवाले न्यूट्रलच म्हणतो. न्यूट्रलला टेस्टर लावला की दिवा लागत नाही, म्हणजे व्होल्टेज शून्य. तुमच्या बिंदूवरही तेच असणार. सरळ 'शून्य बिंदू' लिहा.

प्रसन्न: शब्द कुठलाही घ्या, गणित सोपं आहे. क्षेत्र अंतराच्या वर्गाने कमी होतं, म्हणून अंतरांचं गुणोत्तर √४ : √१, म्हणजे २ : १. मोठ्यापासून २० सेंमी, लहानापासून १० सेंमी. वर्गसमीकरण सोडवलं तर दुसरं उत्तर ६० सेंमी येतं. म्हणजे बिंदू दोन आहेत.

जुना डेमॉन्स्ट्रेटर: प्रसन्न, पहिलं उत्तर बरोबर, दुसरं नाही. ६० सेंमीवर, म्हणजे लहान प्रभाराच्या पलीकडे ३० सेंमीवर, दोन्ही क्षेत्रं सारख्या मापाची असतात हे खरं, पण दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. त्यांची बेरीज होते, वजाबाकी नाही. एक प्रभार ऋण असता तर तोच बिंदू कामाचा ठरला असता.

तारजोड, २० सेंमीवर मोठ्याचं क्षेत्र ९ लाख न्यूटन प्रति कूलॉम आणि लहानाचंही तेवढंच, उलट दिशेला. म्हणून क्षेत्र शून्य. विभवाला मात्र दिशा नसते. मोठ्याचे १ लाख ८० हजार व्होल्ट आणि लहानाचे ९० हजार मिळून तिथे २ लाख ७० हजार व्होल्ट होतात. म्हणून नुसतं 'शून्य' म्हणणं मला धोक्याचं वाटतं. काय शून्य, ते सांगायला हवं.

मंजिरी: 'उदासीन' म्हणजे उद् + आसीन, बाजूला बसलेला. गीतेत 'उदासीनवत् आसीन' म्हणजे कर्मात न गुंतलेला. कौटिल्याच्या राजमंडलातही 'उदासीन' राजा आहे. खिन्नतेचा अर्थ शब्दाला नंतर चिकटला. 'तटस्थ' तर काठावर उभा राहणारा, आणि हा बिंदू दोन्ही प्रवाहांच्या मधोमध आहे. मला 'उदासीन'च जवळचा वाटतो.

सुभाष: आम्ही प्रॅक्टिकलला पट्टीचुंबकाजवळ हा बिंदू शोधायचो. चुंबकसूची एका जागी आली की कुठल्याच दिशेला नीट थांबत नसे, टिचकी मारली की भलतीकडेच राहायची. सर म्हणायचे, तोच न्यूट्रल पॉइंट. तिथे 'समतोल' शोभतो.

जुना डेमॉन्स्ट्रेटर: तुमची खूण अचूक आहे. पण तुमच्याकडे चुंबक विरुद्ध पृथ्वीचं क्षेत्र अशी जोडी होती, इथे दोन प्रभार आहेत. 'समतोल' मात्र नको. तिथे धन प्रभार ठेवून अक्षावर थोडा सरकवला तर तो परत येतो, आडवा सरकवला तर कायमचा निसटतो. स्थिर समतोल तिथे असूच शकत नाही, हे अर्नशॉने १८४२ मध्ये दाखवलं.

रेवा: आणि आकृती? मी बिंदूतून एक सरळ उभी रेघ ओढून क्षेत्ररेषा दोन भागांत वाटल्या.

जुना डेमॉन्स्ट्रेटर: सरळ रेघ प्रभार समान असतील तेव्हा. इथे मोठ्यातून १६ आणि लहानातून ४ रेषा काढा. मधल्या रेषा बिंदूकडे येतात आणि जवळ आल्यावर बाजूला वळतात. एकमेकींना छेदत नाहीत. फक्त अक्षावरच्या दोन रेषा बिंदूपाशी येऊन थांबतात. सीमारेषा बिंदूपाशी अक्षाला काटकोनात निघते आणि लहान प्रभाराच्या बाजूला झुकत जाते.

ती किती झुकते तेही निघतं. एकूण प्रभाराचा पाचवा हिस्सा लहानाचा, म्हणून दूर गेल्यावर त्याच्या रेषा अवकाशाचा पाचवा हिस्सा व्यापतात. त्या शंकूचा अक्षाशी कोन येतो ५३ अंश. कागदावर ३६० चे पाच भाग करून एका भागाचा अर्धा घेतलात तर ३६ येईल, ते चूक. रेषा कागदावर नाही, चहूकडे पसरतात. म्हणून कागदावरच्या दाटीवरून क्षेत्राचं माप काढू नका.

प्रसन्न: मी आजवर वर्तुळाचेच भाग पाडत होतो.

रेवा: मग 'क्षेत्रशून्य बिंदू' लिहू का? म्हणजे काय शून्य, ते नावातच येईल.

मंजिरी: अर्थाने चोख आहे, पण मुलं पाठ्यपुस्तकात 'उदासीन'च वाचणार असतील, तर परीक्षेत अडतील.

जुना डेमॉन्स्ट्रेटर: पहिल्यांदा दोन्ही लिही. पुढे कुठला टिकवायचा, ते त्या मुलीलाच विचार.