टाचांना भेगा: पील मास्क घेऊ की क्रीम? (बजेट 300 रुपये)

कोथरूडची_सई: बारा दिवसांनी बहिणीचं लग्न आहे. वर्षभर उघड्या चपला घालते, त्यात पुण्याची कोरडी थंडी, त्यामुळे टाचांना भेगा पडल्यात. दोन-तीन खोल आहेत आणि चालताना दुखतात. मोज्यांसारखा पील मास्क घरी आणलाय. लावू का?

गुलाबी_टाच: नक्की लाव! मी पाकिटावरच्या एका तासाऐवजी दोन तास ठेवला. सगळी कातडी निघाली, पाय लोण्यासारखे मऊ झाले.

औषधवाला_सदाशिव: जास्त वेळ ठेवून फायदा वाढत नाही, आग मात्र वाढते. त्यातलं ग्लायकोलिक आणि लॅक्टिक अ‍ॅसिड मेलेल्या पेशींना धरून ठेवणारा चिकटपणा सैल करतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. चार-पाच दिवसांनी पापुद्रे सुटायला लागतात आणि ते आठवडा-दोन आठवडे चालतं. म्हणजे ताई, लग्नात तुमचे पाय सोलत असतील. शिवाय तळव्याची पातळ कातडी आधी निघते, टाचेचा जाड थर ठिकठिकाणी तसाच राहतो. दुखणाऱ्या भेगेत अ‍ॅसिड गेलं तर जखम चिघळते.

डेक्कनची_मेघा: मी दर महिन्याला पार्लरमध्ये 1800 चं पेडिक्युअर करते. भेग कशी ती माहीत नाही.

सई: मेघाताई, बजेट 300 आहे हो.

रत्नागिरीकर_पुण्यात: कोकमतेल! वडी दिव्यावर धरून वितळवायची आणि कोमट झाली की भेगेत भरायची. आमची आजी दुसरं काही लावतच नसे.

औषधवाला_सदाशिव: कोकमतेल ओलावा धरून ठेवतं, भेगेला आधार देतं. जाड कातडी मात्र त्याने मऊ होत नाही, त्यासाठी युरिया लागतो. खोल भेगांवर युरियाही झोंबतो. म्हणून पहिले चार-पाच दिवस कोकमतेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. दुखणं थांबलं की 20-25 टक्के युरियाचं क्रीम आणा, लहान ट्यूब बजेटमध्ये बसावी. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपून लगेच क्रीम लावा, वर सुती मोजे घाला. लग्नापर्यंत खरखर कमी होईल. खोल भेगा भरायला तीन-चार आठवडे लागतात.

स्वारगेट_77: माझ्या एकाच पायाला पापुद्रे सुटतात, बोटांच्या बेचक्यात खाज येते. मास्क चालेल?

औषधवाला_सदाशिव: ही बुरशी असू शकते. मास्क नको, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मधुमेह असेल त्यांनी तर मास्कच्या वाटेलाच जाऊ नये.

गुलाबी_टाच: मला कधीच काही झालं नाही. अर्थात दीड महिन्यात टाचा परत होत्या तशा झाल्या, तेव्हा दुसरा आणला.

रत्नागिरीकर_पुण्यात: म्हणून सांगतोय, कोकमतेल.

सई: आज रात्रीपासून कोकमतेल, मग युरिया. लग्नात बंद मोजडी घालेन. पण मास्क टाकून देणार नाही. लग्न झालं की त्याच आठवड्यात लावणार.

औषधवाला_सदाशिव: भेगा पूर्ण मिटल्या असतील तरच, ताई.