'वाजवी' आणि 'प्रमाणशीर' एकच का?

ओवी: लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नोट्स मराठीत काढतेय. रीझनेबलनेसला 'वाजवीपणा' आणि प्रपोर्शनॅलिटीला 'प्रमाणशीरता' लिहिलं, शिवाय पहिली कसोटी सैल आणि दुसरी कडक असंही लिहून ठेवलं. मैत्रीण म्हणाली, मग कलम १९ मधले 'वाजवी निर्बंध' काय सैलपणे तपासायचे? तिथेच अडकलेय. शब्द चुकलाय का?

शब्दवेल्हाळ: 'प्रमाणशीर' बांधा असतो, निर्णय नाही. 'यथाप्रमाणता' म्हणा. आणि कृपा करून कोणी 'समानुपातिकता' सुचवू नका, ती सरळ हिंदीतून उचललेली आहे.

मंदार: दोन्ही एकच हो. आमच्या काकांना किरकोळ गैरहजेरीवरून नोकरीतून काढलं होतं, वकील म्हणाले शिक्षा धक्कादायकरीत्या प्रमाणाबाहेर आहे. म्हणजे प्रपोर्शनॅलिटीच ना?

जुनी_फाइल: ओवी, कोर्ट प्रश्न कुठला विचारतंय ते बघ, शब्द नंतर. वेडन्सबरीत, म्हणजे वाजवीपणाच्या जुन्या इंग्लिश कसोटीत, प्रश्न असा की कुठलाही समंजस अधिकारी असा निर्णय घेऊच शकला नसता का. घेऊ शकला असता असं वाटलं तर विषय संपला, कोर्टाला स्वतःला निर्णय पटला नाही तरी. प्रपोर्शनॅलिटीत सरकारलाच सांगावं लागतं की हेतू काय होता, या उपायाने तो साधतो का, कमी जाचक उपाय होता का, आणि हक्काचं नुकसान त्या फायद्याच्या मानाने जास्त होतंय का.

फरक खरा कळतो तो स्मिथ आणि ग्रेडीच्या केसमध्ये. ब्रिटिश सैन्यात समलिंगी लोकांना सरसकट बंदी होती, कामात काही खोट नसताना यांना काढून टाकलं. १९९५ मध्ये अपील कोर्टात न्यायाधीश बिंगहॅम होते. त्यांनी म्हटलं की हक्काचा प्रश्न आहे तेव्हा समर्थनही तितकंच भक्कम हवं, पण तरी शेवटी धोरण अविवेकी म्हणता येत नाही, कारण ते संसदेत चर्चा होऊन चालू होतं आणि व्यावसायिक सल्ला त्याच्या बाजूने होता. अर्जदार हरले. तीच माणसं, तेच धोरण १९९९ ला स्ट्रासबर्गला युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेलं आणि तिथे ती जिंकली. सरकार म्हणत होतं सैनिकांचं मनोधैर्य खचेल. कोर्टाने विचारलं पुरावा काय, तर हाताशी मुख्यतः बाकीच्या सैनिकांची नापसंती. त्यावर कोर्ट म्हणालं, वंशाबद्दलची नापसंती चालली नसती, मग ही कशी चालेल. कमी जाचक वाटही समोरच होती, सगळ्यांना लागू अशी वर्तणुकीची आचारसंहिता. आणि वरून हेही म्हणालं की इंग्लंडच्या कोर्टाने उंबरठा इतका उंच ठेवला की प्रमाणाचा प्रश्न तिथे विचारलाच गेला नाही.

ओवी: म्हणजे निर्णय 'शक्य होता का' इथे एक कोर्ट थांबलं आणि दुसऱ्याने 'इतकं करायची गरज होती का' विचारलं?

जुनी_फाइल: हो, आणि कारणं देण्याचं ओझं कोणावर ते पण बदललं. आता मैत्रिणीचं. कलम १९ मध्ये शब्द 'वाजवी' आहे खरा, पण आपल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या मॉडर्न डेंटल निकालात त्या वाजवीपणाच्या आतच प्रमाणाची कसोटी आहे असं म्हटलंय. आणि मंदार, तुमच्या काकांचं बरोब्बर उलटं. ओम कुमार निकालाप्रमाणे खात्याची शिक्षा मनमानी आहे अशी तक्रार असेल तर कोर्ट वेडन्सबरीवरच थांबतं. तोंडी शब्द 'प्रमाणाबाहेर', कसोटी जुनीच.

मंदार: पण काका जिंकले होते.

जुनी_फाइल: जिंकता येतं की. 'धक्कादायक' हा उंबरठाच तसा आहे, तो त्यांनी ओलांडला इतकंच.

शब्दवेल्हाळ: पाहा, म्हणूनच म्हणतो, एकाच शब्दाने दोन कामं केली की असा घोळ होतो. 'यथाप्रमाणता' ठेवा.

सायली_प: प्रॅक्टिसमध्ये असं कोणी बोलत नाही. वकील 'प्रपोर्शनॅलिटी'च म्हणतात, मराठी अर्जातसुद्धा.

गजाननराव: माझी वेगळी शंका. २००१ ला डेलीच्या केसमध्ये, कैदी कोठडीत नसताना त्याच्या वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराची तपासणी करायची असं धोरण होतं, तिथेही बिंगहॅमच होते आणि त्यांनी जुन्या कॉमन लॉनेच धोरण रद्द केलं, वर म्हणाले प्रमाणाच्या कसोटीनेही उत्तर तेच येतं. मग फरक कितीसा?

जुनी_फाइल: त्या निकालात तेच आलं, पण त्याच केसमध्ये स्टेन यांनी बजावलंय की दोन्ही कसोट्यांची उत्तरं कधीकधी वेगळी येऊ शकतात, आणि उदाहरण म्हणून स्मिथच दिलंय. डेलीत सरसकटपणा उघड होता, त्रास देणाऱ्या कैद्यापुरतं धोरण ठेवता आलं असतं.

गजाननराव: पण शेवटच्या पायरीवर नुकसान किती आणि फायदा किती हे न्यायाधीशच ठरवणार ना? मग ते सरकारचंच काम करत नाहीत का? मला तरी वेडन्सबरी प्रामाणिक वाटते.

ओवी: सर, हा प्रश्न १६ मार्कांना येतो, आणि आम्हाला दोन्ही बाजू लिहायला सांगतात :)

शब्दवेल्हाळ: 'सरसकटपणा' मात्र सुंदर शब्द वापरलात.