मदत हवी आहे: पोटाला मसाज करूनही पोट साफ होत नाही

मृण्मयी_०७: रोज सकाळी बेंबीभोवती तेल लावून गोल मसाज करतेय, अंगठ्याने चांगला दाब देऊन. पोट साफ होत नाही, उलट दुखतं. नेमकं कसं करायचं ते कुणी पटकन सांगेल का? इसबगोल सुचवू नका, ते चालू आहे.

दादरकर: कुठल्या दिशेने? वय काय? आणखी औषधं?

कोकणी_बाणा: बेंबी सरकली असणार. जाणकाराकडून बसवून घ्या, मग मसाज.

फिजिओ_नाशिक: बेंबी सरकत नाही हो. मृण्मयीताई, मोठं आतडं बेंबीभोवती नाही, पोटाच्या कडेकडेने जातं. उजव्या कमरेच्या हाडाजवळून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग डाव्या कमरेच्या हाडाकडे खाली. आधी लघवीला जाऊन या, उताणं झोपा, गुडघे वाकवा. जेवणानंतर तासभर तरी थांबा. अंगठा नको, बोटं सपाट जुळवून ठेवा. सुरुवात डावीकडून, म्हणजे पुढची वाट मोकळी होते: डाव्या बरगडीपासून खाली दहा वेळा. मग उजव्या बरगडीखालून आडवं येऊन डावीकडे खाली, दहा वेळा. शेवटी उजवीकडून वर, आडवं आणि खाली, असा पूर्ण रस्ता. पोट दबलेलं जाणवावं, पण दुखू नये. दुखलं की हात हलका करा, तरीही दुखलं तर थांबा.

मृण्मयी_०७: घड्याळाच्या काट्याप्रमाणेच करते, व्हिडिओत बघून.

फिजिओ_नाशिक: मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ कधीकधी आरशासारखा उलटा दिसतो. स्वतःची उजवी-डावी हाडं चाचपून दिशा ठरवा.

आईची_लाडकी: आमच्या पिल्लाला हिंग लावून करते, लगेच गॅस सुटतो. किती महिन्यांपासून करावं?

दादरकर: इथे मोठ्यांचं चाललंय. ताई, औषधांचं राहिलं!

मृण्मयी_०७: रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. कंबरदुखीवर एक वेदनाशामक, त्यात ट्रामाडॉल आहे. वय ४४.

दादरकर: मग मसाजला का दोष द्यायचा? दोन्हींनी शौच घट्ट होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, पण विचारा नक्की.

कोकणी_बाणा: गोळ्या सोडा, मसाज पुरेसा आहे.

फिजिओ_नाशिक: असं सांगू नका. २००९ मध्ये स्वीडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात आठ आठवडे मसाज केल्यावर शौचाला जाणं वाढलं, पण रेचकं कमी झाली नाहीत. मसाज जोडीला असतो. ताई, पोटाचं ऑपरेशन झालंय का?

मृण्मयी_०७: सिझेरियन झालंय, जुनं आहे. टाक्यांच्या बाजूला खोकताना थोडा फुगवटा येतो, झोपल्यावर जातो. त्याचा काय संबंध?

फिजिओ_नाशिक: तो हर्निया असू शकतो. आजपासून मसाज बंद करा आणि आधी सर्जनला दाखवा. फुगवटा आत जाईनासा झाला, उलट्या लागल्या किंवा पोट फुगून गॅसही सुटेना, तर लगेच इमर्जन्सी गाठा. गरोदरपणात किंवा शौचातून रक्त जात असेल तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय मसाज नको.

मृण्मयी_०७: पण रेषेच्या वरच्या बाजूने हलका केला तर?

दादरकर: नाही म्हणजे नाही, ताई. आधी दाखवून या.